पैशाचा हुकूमनामा हातात आहे, आता वसुली: खाते, माल आणि मिळकत यांच्या जप्तीची वाट

दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागला की बहुतेक व्यापारी समजतात, आता समोरचा पैसे आणून देईल. तसं क्वचितच होतं. न्यायालय हुकूमनामा देतं, पण तो आपणहून राबवत नाही. त्यासाठी वेगळी दरखास्त दाखल करावी लागते. ऋणकोची कुठली मालमत्ता कुठे आहे हे शोधून न्यायालयापुढे ठेवण्याचं कामही हुकूमनामाधारकाचंच. बेलिफ तुमच्यासाठी शोध घेत नाही. तुम्ही दाखवाल तिथे जातो.

हा लेख एका उदाहरणावर चालतो. उदाहरण कल्पित आहे, पण कोल्हापुरात अशी प्रकरणं नेहमी दिसतात. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली एक फाउंड्री आहे, दोन भागीदारांची. तिला पिग आयर्न आणि भंगार पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने थकलेल्या बिलांसाठी १ जून २०१९ रोजी दावा दाखल केला. ऑगस्ट २०२१ मध्ये हुकूमनामा झाला: मुद्दल १८,४०,००० रुपये, दाव्याच्या तारखेपासून वसुलीपर्यंत द.सा.द.शे. ९ टक्के साधं व्याज आणि खर्चाचे १,१०,००० रुपये.

दोन वर्षांच्या आत का

हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी मुदत कायद्यात १२ वर्षं आहे, म्हणून अनेकजण निवांत राहतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ मधला नियम २२ मात्र त्यांच्या ध्यानात नसतो. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेल्यावर दरखास्त केली, तर जप्तीआधी ऋणकोला ‘दरखास्त का चालवू नये’ अशी नोटीस काढावी लागते. ती नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी चालू खातं रिकामं होतं आणि गोदामातला माल भावाच्या शेडमध्ये जातो. दोन वर्षांच्या आत आलात तर ही नोटीस लागत नाही, आणि पहिलं जप्ती वॉरंट ऋणकोला खबर न लागता निघू शकतं. व्यापारी ऋणकोच्या बाबतीत माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. आधी एक दरखास्त झाली असेल, तर तिच्यावरील शेवटच्या हुकमापासून दोन वर्षांच्या आत केलेल्या पुढच्या दरखास्तीलाही ही सवलत मिळते.

समोरच्याने अपील केलं म्हणून अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. स्थगितीचा हुकूम लागतो, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात अपील न्यायालय सहसा काही रक्कम भरायला लावूनच स्थगिती देतं. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय एकतर्फी स्थगिती मिळू नये म्हणून अपील ज्या न्यायालयात जाऊ शकतं तिथे कॅव्हेट टाकून ठेवा. ते ९० दिवस चालतं, संपलं की नवं टाका. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. त्यामुळे दरखास्तीतल्या हुकमाविरुद्ध रिट घेऊन मुंबईला पळायचं कारण दोन्ही बाजूंना उरलेलं नाही. स्थगिती लवकर येऊ शकते आणि ती उठवायलाही लवकर जाता येतं.

दरखास्तीपूर्वीचा शोध

ऋणको नेमका कोण, हे आधी ठरवा. एकट्याची मालकी असेल तर दुकान आणि घर यांत कायदा भेद करत नाही, मालकाची सगळी मिळकत उत्तरदायी असते. खासगी मर्यादित कंपनी असेल तर संचालकाच्या घराला सहसा हात लावता येत नाही, हुकूमनामा कंपनीपुरता. भागीदारी फर्मची गोष्ट मधली आहे. फर्मच्या मालमत्तेवर तर जाता येतंच. शिवाय जो भागीदार म्हणून दाव्यात हजर झाला, ज्याने भागीदारी कबूल केली किंवा ज्याच्यावर भागीदार म्हणून समन्स बजावलं गेलं, त्याच्या वैयक्तिक मालमत्तेवरही जाता येतं. बाकीच्या भागीदारांसाठी नियम ५० खाली न्यायालयाची परवानगी मागावी लागते. आपल्या उदाहरणात थोरल्या भागीदारावर समन्स बजावलेलं आहे, धाकट्यावर नाही. म्हणून थोरल्याचं घर यादीत धरायचं आणि धाकट्यासाठी वेगळा अर्ज करायचा.

जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की व्यवसायाचा प्रकार आणि मुख्य पत्ता दिसतो. फर्म निबंधकांकडच्या उताऱ्यावर भागीदारांची नावं मिळतात. बँक शोधायला फार लांब जावं लागत नाही. पूर्वी त्याने दिलेले चेक, तुमच्या खात्यावर आलेले आरटीजीएस, त्याच्या बिलाच्या तळाला छापलेला खाते क्रमांक एवढं बघितलं तरी बहुतेक वेळा काम होतं. मिळकतीसाठी शहरात मालमत्ता पत्रक आणि गावात सातबारा, दोन्ही ताजे काढा. दुय्यम निबंधकांच्या ऑनलाइन शोधातून सूची क्रमांक दोन पाहा, म्हणजे अलीकडे विक्री किंवा बक्षीसपत्र झालं आहे का ते कळतं. तारण आहे का, हे सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदणीत शुल्क भरून पाहता येतं.

जागेचाही प्रश्न आहे. २००२ च्या दुरुस्तीनंतर न्यायालय आपल्या हद्दीबाहेरच्या व्यक्ती वा मालमत्तेवर अंमलबजावणी करू शकत नाही. गोकुळ शिरगाव करवीर तालुक्यात येतं, पण शिरोलीची एमआयडीसी हातकणंगले तालुक्यात. फाउंड्री शिरोलीत असती तर ‘सगळं कोल्हापूरच की’ म्हणून चाललं नसतं, आधी हद्द तपासावी लागली असती. इचलकरंजीच्या शाखेतलं खातं किंवा तिथलं गोदाम असेल तर हुकूमनामा तिकडे वर्ग करून घ्यावा लागतो. दरम्यान माल पळू नये म्हणून कलम ४६ खाली आपल्या न्यायालयाला तिथल्या न्यायालयाकडे जप्तीचं आज्ञापत्र पाठवायला सांगता येतं. त्याने होणारी जप्ती दोन महिने टिकते, तेवढ्यात वर्गाचं काम पुरं करायचं.

दरखास्तीचा अर्ज नियम ११ मधल्या तक्त्याप्रमाणे करायचा असतो. त्यात हुकूमनाम्याची तारीख, अपील झालं का, आजवर काही मिळालं का, आज किती येणं आहे आणि मदत कोणत्या प्रकारे हवी हे सगळं लिहायचं. स्थावराचं वर्णन चतु:सीमा आणि सिटी सर्व्हे वा गट क्रमांकासह द्या. क्रमांकात एक अंक चुकला तर जप्ती शेजाऱ्याच्या नावावर लागते आणि वर्ष वाया जातं. आपल्या उदाहरणात १ जून २०२२ रोजी येणं असं मांडलं: मुद्दल १८,४०,०००, तीन वर्षांचं व्याज ४,९६,८०० आणि खर्च १,१०,०००, मिळून २४,४६,८००.

पहिला वार खात्यावर

बँकेतली शिल्लक म्हणजे बँकेने ऋणकोला देणं असलेलं कर्ज. म्हणून तिची जप्ती नियम ४६ च्या मनाई हुकमाने होते, आणि नियम ४६-अ खाली बँकेला गार्निशी, म्हणजे ऋणकोचे पैसे देणं असलेला त्रयस्थ, म्हणून नोटीस जाते: रक्कम न्यायालयात भरा किंवा का भरत नाही ते सांगा. बँकेने काही हरकत घेतली नाही आणि पैसेही भरले नाहीत, तर ४६-ब खाली बँकेविरुद्धच हुकूम होऊ शकतो. बँका सहसा तोवर थांबत नाहीत. नोटीस येताच रक्कम अडकवून ठेवतात आणि शिल्लक कळवतात.

जप्ती त्या क्षणी खात्यात असलेल्या शिल्लकीला लागते, हे डोक्यात पक्कं ठेवा. पुढच्या आठवड्यात जमा होणारे पैसे ती धरत नाही. म्हणून हुकूम निघाला की बेलिफाचा भत्ता त्याच दिवशी भरा, त्याच्याबरोबर स्वत: जा आणि शाखेचा पोचशिक्का वेळेसह घ्या. दिवस निवडता आला तर फाउंड्रीचे गिऱ्हाईक पैसे सोडतात त्या सुमाराचा निवडा, पगार आणि कर भरून झाल्यानंतरचा नको.

आता अडचण. व्यापारी माणसाचं मुख्य खातं बहुधा कॅश क्रेडिटचं असतं. त्यात ऋणकोचे पैसे नसतात, बँकेचंच त्याच्याकडे येणं असतं. लिमिट ५० लाखांचं आणि वापर ३५ लाखांचा असला, तरी उरलेले १५ लाख त्याची मालमत्ता नव्हेत. तिथे बँक ‘खाते नावे शिल्लक’ असं कळवते आणि ते बरोबर असतं. म्हणून अर्जात चालू खातं, मुदत ठेवी, एलसी वा बँक गॅरंटीच्या मार्जिनच्या ठेवी आणि भागीदारांची बचत खाती सगळी मागा. मार्जिनवर आणि कर्जावर बँकेचा आधीचा हक्क असतो, तो वजा करून काय उरतं ते कळेल. भागीदार आणि त्याची बायको यांचं संयुक्त खातं एकट्याच्या देण्यासाठी जप्त करताना बँक हरकत घेते, ते गृहीत धरा.

आपल्या उदाहरणात कॅश क्रेडिट खात्यातून काहीच आलं नाही. दुसऱ्या बँकेतल्या चालू खात्यात ३,१२,००० रुपये सापडले आणि ते न्यायालयात जमा झाले. मुद्दल लगेच कमी झालं असं समजू नका. हुकूमनाम्यात वेगळं काही नसेल तर आलेली रक्कम आधी व्याज आणि खर्चात जाते. व्याज-खर्चाचे ६,०६,८०० होते, त्यातले २,९४,८०० उरले. मुद्दल १८,४०,००० तसंच राहिलं आणि त्यावर व्याज चालू राहिलं.

नियम ४६-अ फक्त बँकेपुरता नाही, हे वकीलही कधीकधी विसरतात. या फाउंड्रीकडून कास्टिंग घेणारा कारखाना बिलाचे पैसे देणं आहे, तोही गार्निशीच. तुमच्याकडे त्याच्या गिऱ्हाईकांची नावं असतील तर त्यांना नोटिसा काढा. कारखान्याला पुरवठादाराच्या भांडणात अडकायचं नसतं, तो पैसे न्यायालयात भरून मोकळा होतो. फाउंड्रीच्या मालकालाही खातं गोठण्यापेक्षा गिऱ्हाईकाच्या लेखा विभागात न्यायालयाची नोटीस पोचणं जास्त झोंबतं. तडजोडीचा फोन बहुधा याच टप्प्यावर येतो.

माल: काय धरायचं, काय सोडायचं

जंगम मालाची जप्ती प्रत्यक्ष ताब्यात घेऊन होते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात शिरून जप्ती करता येत नाही, आणि घराचं बाहेरचं दार फोडायलाही बंधनं आहेत. शेड आणि गोदामाचं तसं नसतं. तरी कुलूप दिसेल हे धरून कुलूप तोडण्याची आणि पोलीस बंदोबस्ताची परवानगी आधीच घेऊन ठेवा, नाहीतर बेलिफ ‘कुलूपबंद’ असा अहवाल लावून परत येईल.

फाउंड्रीत पाय ठेवल्यावर डोळ्यांत भरतो तो तयार कास्टिंगचा ढीग. त्याचा मोह नको. ते कास्टिंग एका विशिष्ट गिऱ्हाईकाच्या ड्रॉइंगप्रमाणे बनलेलं असतं. लिलावात दुसरा कोणी त्याला तयार मालाचा भाव देत नाही, ते भंगाराच्या दराने जातं. पॅटर्न तर धरूच नका, ते बहुतेक वेळा गिऱ्हाईकाच्या मालकीचे असतात. जॉबवर्कसाठी आलेला कच्चा मालही चलनावर दुसऱ्याचाच असतो. ते धरलं तर नियम ५८ खाली हक्काची तक्रार येते, तिची चौकशी दाव्यासारखी चालते आणि हरलात तर खर्च तुमच्यावर. पिग आयर्न, भंगार, फेरो अलॉय आणि सुटे कॉम्प्रेसर यांना मात्र बाजारभाव असतो आणि ते वजनावर वा नगावर विकता येतात. हिशेबाच्या वह्या जप्तीतून कायद्यानेच वगळलेल्या आहेत.

भिंतीवर बँकेच्या तारणाचा फलक असेल तर त्याचा फोटो पंचनाम्याला जोडा. नजरगहाण मालावर जप्ती लागते, पण बँकेचं देणं डोक्यावर घेऊनच. बँकेचं येणं मालाच्या किमतीहून जास्त असेल तर तो लिलाव तुमच्यासाठी फुकटचा खटाटोप ठरतो. अशा वेळी मी थेट स्थावराकडे वळायला सांगेन. तुमचाच पुरवलेला माल तुम्हाला दिसला आणि राग आला तरी तो परत तुमचा होत नाही, डिलिव्हरीबरोबर मालकी गेलेली असते.

पंचनाम्यात वजन काट्याच्या पावतीसह लिहून घ्या. ‘अंदाजे १० ते १५ टन’ असं लिहिलं की पुढे पाच टन गायब झाले तरी कोणाला धरता येत नाही. माल कोणाच्या ताब्यात ठेवायचा हा खरा प्रश्न असतो. ऋणकोच्याच ताब्यात सुपूर्तनाम्यावर ठेवणं स्वस्त पडतं, पण लिलावाच्या दिवशी ढीग जागेवर असेल याची खात्री देता येत नाही. त्रयस्थ गोदामात हलवलं तर वाहतूक आणि भाडं आधी तुम्हाला भरावं लागतं. तो खर्च न्यायालयाकडून मंजूर करून घेऊन येण्यात मिळवता येतो.

आपल्या व्यापाऱ्याने १२ टन पिग आयर्न धरलं. ते तारणात नव्हतं. जाहीरनामा लागल्यावर किमान सात दिवसांनी लिलाव होतो. नोव्हेंबर २०२२ अखेर किलोला ३५ रुपये दराने ४,२०,००० आले. तोवर सहा महिन्यांचं व्याज ८२,८०० वाढलं होतं. ते आणि जुने २,९४,८०० मिळून ३,७७,६०० फिटले आणि मुद्दलात फक्त ४२,४०० गेले. मुद्दल उरलं १७,९७,६००.

मध्ये शपथपत्र मागा

खातं आणि माल यांवर हात पडून झाला की मगच नियम ४१ वापरा. हुकूमनामा ३० दिवस अतृप्त राहिला असेल तर ऋणकोला आपल्या मालमत्तेचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायला न्यायालय सांगू शकतं. फर्म असेल तर भागीदाराला बोलावता येतं. न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवास होऊ शकतो. हा अर्ज सुरुवातीलाच केला तर तुम्ही येताय ही वर्दी त्याला आधी मिळते. नंतर केला तर घाबरलेला माणूस बऱ्यापैकी खरं लिहितो. जे लपवतो, ते पुढे अटकेच्या अर्जात त्याच्याच विरुद्ध वापरता येतं.

मिळकत

एमआयडीसीचा भूखंड फर्मच्या नावावर दिसला की सगळ्यांची नजर तिकडे जाते. तो भाडेपट्ट्यावर असतो, हस्तांतराला महामंडळाची संमती आणि शुल्क लागतं, आणि बहुधा बँकेकडे गहाण असतो. बँकेचं देणं फिटल्यावर उरेल ते तुमचं. थोरल्या भागीदाराचं राजारामपुरीतलं घर मात्र मालमत्ता पत्रकावर त्याच्या एकट्याच्या नावावर आणि बोजाविरहित निघालं, म्हणून व्यापाऱ्याने तेच निवडलं. शेतजमीन असती तर वेगळी अडचण होती. आपल्या कुळकायद्याप्रमाणे न्यायालयाच्या लिलावातही बिगरशेतकऱ्याला ती सहसा घेता येत नाही, त्यामुळे बोली लावणारेच कमी. शेतकऱ्याचं राहतं घरही जप्तीतून सुटतं. कारखानदार अचानक ‘आम्ही मूळचे शेतकरी’ म्हणू लागला, तर त्याचा उदरनिर्वाह खरंच शेतीवर आहे का, हा मुद्दा लावून धरा.

नियम ५४ खाली मनाई हुकूम निघतो, दवंडी पिटली जाते आणि हुकमाची प्रत मिळकतीवर व न्यायालयात लावली जाते. जमीन महसूल देणारी असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातही लागते. जप्तीनंतर ऋणकोने केलेलं खासगी हस्तांतर तुमच्या हक्कापुढे निरर्थक ठरतं. तरीही हुकमाची प्रत सिटी सर्व्हे कार्यालयात आणि दुय्यम निबंधकांकडे स्वत: नेऊन द्या आणि नोंद मागा. घेणाऱ्याला जप्ती माहीत नसेल तर तुमचं पुढचं वर्ष त्याच्याशी भांडण्यात जातं.

इथेच ‘हे घर बायकोचं आहे’, ‘आमची वाटणी झालीय’ असे अर्ज येतात. नियम ५८ खाली त्यांचा निर्णय त्याच दरखास्तीत होतो. कागदांच्या तारखा पाहा. दाव्याचं समन्स बजावल्यानंतर केलेलं बक्षीसपत्र न्यायालय संशयानेच पाहतं.

पुढे नियम ६६ चा जाहीरनामा ठरतो. त्यात बोजा, येणं आणि दोन्ही बाजूंनी सांगितलेली किंमत येते. ऋणकोला याची नोटीस देणं टाळू नका, नंतर लिलाव रद्द करायला तोच मुद्दा पुढे येतो. मिळकतीचा काही भाग विकून देणं फिटत असेल तर न्यायालयाने तेवढाच भाग विकायचा असतो. जाहीरनाम्यानंतर किमान १५ दिवसांनी लिलाव. बोली मान्य होताच २५ टक्के आणि बाकी १५ दिवसांत भरावी लागते. तुम्हाला स्वत: बोली लावायची असेल तर आधी न्यायालयाची परवानगी घ्या, मग येणं बोलीत वळतं करता येतं.

नोव्हेंबर २०२३ अखेर घर ३१,००,००० ला गेलं. त्या दिवशी येणं होतं १७,९७,६०० अधिक वर्षाचं व्याज १,६१,७८४, म्हणजे १९,५९,३८४. पण लिलाव झाला म्हणून लगेच पैसे मिळत नाहीत. ऋणकोला नियम ८९ खाली ६० दिवस मिळतात. त्याने जाहीरनाम्यातलं येणं आणि घेणाऱ्यासाठी बोलीच्या पाच टक्के, इथे १,५५,०००, भरले तर लिलाव रद्द होतो. गैरप्रकाराने मोठं नुकसान झालं असं म्हणून नियम ९० चा अर्जही येऊ शकतो. आपल्या उदाहरणात थोरल्या भागीदाराने ५३ व्या दिवशी पैसे भरले. अशी माणसं बहुधा भरतातच, घर हातचं जातंय हे दिसल्यावर.

दोन गोष्टी शेवटपर्यंत सांभाळाव्या लागतात. दुसऱ्या कोणाचा हुकूमनामा असेल आणि पैसे न्यायालयात येण्याआधी त्यानेही तिथेच दरखास्त केली असेल, तर कलम ७३ प्रमाणे तो प्रमाणात वाटेकरी होतो. म्हणून हप्त्यांची बोलणी लांबवत बसू नका. आणि हप्ते मान्य केलेच, तर दरखास्त काढून घेऊ नका. दरखास्त निकाली निघताना जप्ती चालू ठेवण्याचा हुकूम न्यायालयाने केला नाही, तर नियम ५७ प्रमाणे जप्ती तिथेच संपते. तारखेला गैरहजर राहून दरखास्त खारीज झाली तरी परिणाम हाच. न्यायालयाबाहेर घेतलेला प्रत्येक हप्ता नियम २ खाली न्यायालयाला कळवा. शेवटचा पैसा मिळाला की पूर्ण वसुलीची पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, न्यायालयात द्या आणि जप्ती उठल्याचं पत्र सिटी सर्व्हे कार्यालयात जाऊ द्या.